लांब देठाची फुलं

टेलरकाकांनी चाळीस वर्षं जगाची मापं घेतली आणि आता गच्चीवरच्या मांडवाखाली उभे राहून ते बोटाएवढ्या दुधींची मापं घेत होते. रोज तीच रड. आज दोन इंच, उद्याही दोनच, परवा पिवळा पडून, सुरकुतून खाली. असे अकरा गळाले.

नुसत्या भाजीचा प्रश्न असता तर काकांनी वेल उपटून मिरच्या लावल्या असत्या. पण काकूंनी जाण्याआधी आपल्या शेवटच्या दुधीच्या सात बिया कागदात बांधून ठेवल्या होत्या. काकांनी सातही पेरल्या, उगवली एक. आता हा वेल न फळताच वाळला, तर काकूंचं वाण संपलं. मग ते खत घालत, पाणी वाढवत, पाणी तोडत, वेलाला दटावत. वेल कुठला ऐकायला!

सून रोपवाटिकेत कामाला, घरी यायला तिला अंधार व्हायचा. त्या दिवशी ती लवकर आली, तर काका नुकतीच उमललेली पांढरी फुलं काकूंच्या फोटोपुढच्या पेल्यात ठेवत होते.

"बाबा, ही रोज खुडता?"

"रोज संध्याकाळी. पण मी काही खुळा नाही हां! ज्यांच्या बुडाशी दुधी आहे त्यांना हात लावत नाही. ही नुसती लांब देठाची, बिनकामाची."

सुनेने कपाळावर हात मारला. "अहो, ही नर फुलं! यांचा पराग त्या दुधीवाल्या फुलांना लागला तरच दुधी धरतो. नवरी मांडवात बसलीय आणि तुम्ही रोज नवरदेवच पळवताय!"

काकांनी पेल्यातल्या फुलांकडे पाहिलं. "म्हणजे मीच... तिच्यासाठी म्हणून..."

"ते नंतर. फुलं ताजी आहेत तोवर वर चला."

वर तिने एका नर फुलाच्या पाकळ्या काढल्या. मधला पिवळा दांडा उघडा पडला, बोटाला पूड लागली. "मादी फुलाच्या मधोमध ही जाड गादी आहे ना, तिच्यावर सगळीकडून फिरवा. हलक्या हाताने."

सुईत दोरा ओवायच्या सवयीने काकांनी फूल चिमटीत धरलं. त्या संध्याकाळी दोन मादी फुलं उमलली होती. काकांनी दोन्हींना पराग लावला आणि पुढचे पाच दिवस टेपला हात लावला नाही. धीरच होईना.

तिसऱ्या दिवशी एक दुधी पिवळा पडला. काका त्या दिवशी धड जेवले नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मन घट्ट करून दुसऱ्याला टेप लावली. साडेपाच इंच! हिरवागार, लवदार, वजनाने खाली ओथंबलेला. काकांच्या छातीवरचा दगडच उतरला. ते जिन्याच्या तोंडाशी धावले आणि ओरडले, "अगं ए, ऐकलंस का? धरला!"

हाक देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. अशी हाक त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला मारली होती. ते कठडा धरून उभे राहिले.

खाली भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"आले!" म्हणत सून जिना चढू लागली.