पातेल्यावरचं स्टिकर

दिवट्या, फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितोय. तू पाठवलेल्या फोटोत भात वाफाळतोय, पण शेगडीवरच्या पातेल्याला दुकानाचं स्टिकर तसंच आहे! आजोबाला शेंडी लावतोस? रोज विकतचं खातोस, दुसरं काय!

आता नीट वाच. भाताला वाटीभर तांदूळ, दोन वाट्या पाणी. डाळ मऊ शिजव, मग मीठ घाल. बटाटे सालीसकट उकड. अंडी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेव. कोबी झाकण ठेवून मंद आचेवर वाफव.

हे पाचही पदार्थ तुझ्या आजीने आत्याकडे जाताना मला लिहून दिलेत. मी बिस्किटं खातो आणि तुझेच फोटो माझे म्हणून तिला पाठवतो. काल तिने विचारलं, "अहो, हे स्टिकरवालं पातेलं आपल्या घरात कुठून आलं?"