नंबर कोणाचा?

माह्यं खातं बंद पडलं अन् मले त्याचा पत्ताच नाई! मी सुलोचना, केळझरच्या शाळेत खिचडी शिजवते. दोन महिन्यांचं मानधन खात्यात अडकलं तवा कळलं, केवायसी राह्यलीय. बँकेनं मेसेजवर मेसेज पाठवले, पण ते गेले दिराच्या, प्रभाकररावच्या फोनवर. दहा वर्षांआधी खातं उघडलं तवा माह्यापाशी फोन नोयता. घरात मोठ्या माणसाचा नंबर द्यायची रीतच आहे, मीबी देल्ला.

"काही टेन्शन नाई वहिनी, घरी बसूनच करून टाकू," भाऊजी म्हणाले. भाऊजीच्या फोनवर व्हिडिओ कॉलवर बँकेचा साहेब आला. आधार दाखवा, पॅन दाखवा, डोळे मिचकावा. सगळं केलं. मग त्यानं मोबाईल नंबर विचारला. मी भाऊजीकडे पाह्यलं, अन् ते बाजूनं नंबर बोलून बसले.

"दुसऱ्याने उत्तर दिलेलं चालत नाही. आता शाखेत या," म्हणत साहेबानं कॉल बंद केला.

मग सेलूच्या शाखेत गेलो. खिडकीवरच्या नंदिनी मॅडमनं ओरिजनल कागद तपासले, फोटो काढला. मी चिडूनच होती.

"मॅडम, मी जित्ती आहे, खातं माह्यंच आहे. मंग परत परत काऊन विचारता?"

"मावशी, दहा वर्षांत पत्ता बदलतो, नंबर बदलतो, चेहराही बदलतो. ज्याचं खातं तोच चालवतो ना, हे बघावं लागतं. कोणाच्या नावावर भलताच माणूस व्यवहार करत असला तर?"

तवा माह्या ध्यानात आलं. ॲप भाऊजीच्या फोनवर, ओटीपी भाऊजीच्या फोनवर. मानधन आलं का, किती आलं, हे मी त्यायलेच विचारत होती. माह्या हातचं काम अन् मी त्यायच्या तोंडाकडे पाहत राह्यली! लय लाज वाटली, माह्यीच.

मॅडमनं फॉर्म सरकवला. भाऊजी म्हणाले, "काहीच बदल नाई, असं लिहा."

"बदल आहे," मी म्हटलं. "नंबर बदलायचा."

"वहिनी, हे काय काढलं आता? मी काय परका आहो?"

"परके नाई भाऊजी. पण खातं माह्यं आहे."

त्यायचं तोंड उतरलं. मागच्या दिवाळीत घेतलेल्या माह्या फोनचा नंबर मी एक एक आकडा करून लिहिला. खाली सही केली. जराकशानं पिशवीत फोन वाजला.

"ओटीपी आला असेल," मॅडम म्हणाल्या. "कोणाला सांगू नका, मलाही नाही. या मशीनवर तुम्हीच टाका."

भाऊजीनं सवयीनं हात पुढे केला. "आणा इकडे, मी वाचून देतो."

मी फोन छातीशी धरला.

"मले वाचता येते, भाऊजी. सातवी पास आहो मी."