बिनवासाची पात

वहिनीचा राग नाकावर असतो, असं गल्लीत सगळे म्हणत. ते खोटं होतं. राग तिच्या अंगभर असे, नाक हे नुसतं त्याचं बाहेर यायचं दार. धाकटा दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत. तिच्या नवऱ्याची बदलीची नोकरी, त्यामुळे अंगणातली रोपवाटिका ती आणि धाकटा मिळून चालवत. सासूबाई पायरीवर बसून सुटे पैसे सांभाळत आणि न विचारता सल्ले देत.

अंगणात मधोमध नळ. नळाच्या डावीकडे पोटात जाणारं सगळं: पुदिना, गवती चहा, ओवा, अडुळसा, लसूणपात. उजवीकडे नुसतं डोळ्यांनी खायचं: शेवंती, कण्हेर, पावसाळी लिली. रोपांच्या कुठल्याच पिशवीवर नावाची चिठ्ठी नव्हती. "जागा हीच पाटी," असं वहिनी म्हणे, "ज्याला झाड ओळखता येत नाही त्याने चिठ्ठ्या लावाव्यात." हे ती धाकट्याकडे बघून म्हणे.

त्या दिवशी सकाळी ती शेणखत सांगायला गेली आणि परत येऊन बघते तर अंगणाचा नुसता सत्यानाश. धाकट्याने उंचीप्रमाणे पिशव्या लावल्या होत्या. मागे उंच, पुढे बुटकी, मध्ये रंगीत. लिलीच्या मांडीला मांडी लावून लसूणपात बसली होती.

"फोटो काढला," धाकटा खुशीत म्हणाला. "बघा ना, कसं दुकान दिसतंय!"

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात फोन वाजला. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला आचारी होता.

"वहिनी, सकाळी धाकट्याने लसूणपातीच्या सहा पिशव्या आणून दिल्या. चिरायला घेतली तर नेहमीच्या निम्माही वास सुटत नाही. असं असतं का?"

वहिनीने विचारलं, "कुणी खाल्ली?"

"अजून नाही. जेवणात घालणार आहे."

"एक काडी घालू नका. चूल बंद करा. मी आले."

लसूणपातीची पाती चपटी, अरुंद. पावसाळी लिलीची पातीही तशीच, जरा चकचकीत. फुलं नसली की दुरून जुळ्या बहिणी. एक आमटीत जाते, दुसरी पोटात गेली तर उलट्या आणि जुलाब. आणि तिथे जेवणार होती सत्तरी ओलांडलेली माणसं, जी आजारी पडली की परत उठतीलच असं नाही.

रस्ताभर ती धाकट्याला बोलत होती. तो मागे पळत होता. "वहिनी, मी एकेक पान चुरगळून हुंगलं होतं! सगळ्यांना लसणाचा वास होता!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!"

वृद्धाश्रमाच्या ओट्यावर परातभर हिरवं चिरलेलं पडलं होतं. खिडकीत सहा पिशव्या, मुळापासून दोन बोटं वर कापलेल्या. वहिनीने चिमूटभर उचललं, हुंगलं. लसूण. दुसरी चिमूट. लसूण. मग तिची तीच थांबली, मोरीवर गेली आणि साबणाने हात खसाखसा धुतले. परत आली, परातीतून एकच तुकडा उचलून चुरगळला. गवताचा वास. नुसत्या गवताचा.

"ये इकडे," तिने धाकट्याला ओढलं. "एक लसूणपात चुरगळलीस की बोटांना लसूण लागतो. मग तू चप्पल जरी हुंगलीस तरी लसूणच येणार. हात धुतले होतेस का मध्ये?"

धाकट्याने मान खाली घातली. हात धुतले नव्हते.

वहिनीने परात उचलली आणि सगळं चिरलेलं कचऱ्याच्या डब्यात उलटं केलं. मग सुरी आणि पाट घासून घेतला. आचारी तोंडाचा आ करून बघत होता. चार वर्षं तो तिच्याकडूनच पात नेत होता. दारात जेवणाची वाट बघणारी दोन म्हातारी माणसं आणि एक परिचारिका उभी राहिली होती. या सगळ्यांच्या देखत वहिनी ओरडली, "हा माणूस आजपासून माझ्या अंगणातलं पानही विकणार नाही! याने झाडं सरमिसळ केली. फोटोसाठी! माणसं मेली असती तर काढला असतास का फोटो?"

धाकटा खिडकीकडे गेला. त्याने सहाही पिशव्या उचलून घमेल्यात ठेवल्या, घमेलं डोक्यावर घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. वहिनीला त्याची अजिबात दया आली नाही.

अंगणात आल्यावरही तिचं तोंड चालूच होतं. "आता यातली लिलीची पिशवी कोणती आणि पातीची कोणती, ते मूळ बघून ठरव. माझ्यासमोर. एकेक."

त्याने पहिली पिशवी फाडली. मातीचा गोळा नळाखाली धरला. माती निघून गेली तशी मधोमध लसूणपातीची पांढुरकी, लांबट, एकमेकींना चिकटलेली बुडखी दिसली. आणि त्यांच्याच मुळांत गुंतलेला, तपकिरी सालीचा, छोट्या कांद्यासारखा गोल कंद.

धाकट्याने दुसरी पिशवी धुतली. मधे पात, बाजूला दोन कंद. तिसरीतही तेच. सहाही पिशव्यांत तेच.

वहिनी गप्प झाली. सासूबाईंनी पायरीवरून मान वर केली, कारण ही शांतता घरात नवीन होती.

पिशव्यांची अदलाबदल झालीच नव्हती. एकाच पिशवीत दोन्ही होती. कुंडीतली जुनी माती फेकायला वहिनीचं मन होत नसे. उन्हाळ्यात लिलीच्या जुन्या कुंड्या तिने स्वतः रिकाम्या केल्या होत्या, ढीग केला होता, शेणखत मिसळून त्याच मातीत लसूणपातीचे ठोंब फोडून लावले होते. चाळली नव्हती. चाळणीची जाळी फाटली होती, आणि कोण आणतं जाळी, म्हणून तशीच. लिलीचे वाटाण्याएवढे कंद मातीत राहिले आणि पातीच्या कुशीत वाढले.

फोटो काढला नसता, पिशव्या हलवल्या नसत्या, तरीही आज हेच झालं असतं. अंगणात अजून चाळीसेक पिशव्या त्याच मातीच्या होत्या.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," सासूबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

"आई, गप बस," धाकटा म्हणाला. आणि मग तो रागावला, जन्मात पहिल्यांदा, वहिनीवर. "बोला की आता! तिथे तर केवढं बोललात! सगळ्यांसमोर! मी हात धुतले नाहीत, ते माझं चुकलं. पण माती?"

वहिनीलाही राग आला होता. त्याच्यावर, कारण तो खरं बोलत होता. जाळीवर, मातीवर, पायरीवरच्या म्हातारीवर. सगळीकडे फिरून राग परत तिच्याचपाशी आला आणि तिथे त्याला बसायला जागा मिळाली. तिने ओठ चावले. नळाखाली हात धरले आणि विनाकारण धुतले.

"पातीच्या सगळ्या पिशव्या भिंतीकडे ओढ," ती शेवटी म्हणाली. "कुणी मागितली तरी द्यायची नाही."

"मी विकणारच नाहीये काही. तुम्हीच सांगितलंत ना."

ती चपला घालू लागली.

"कुठे चाललात?"

"वृद्धाश्रमात," वहिनी त्याच्याकडे न बघता खेकसली. "आता सगळे जेवायला बसले असतील. तिथेच सांगून येते, माती माझी होती म्हणून. त्या परिचारिकेलाही बोलावते. आणि तू इथे उभा राहून माझं तोंड काय बघतोस? साबण घे. एक पान हुंगायचं, हात धुवायचे, मग दुसरं."