रिकाम्या खोलीतला पंखा

आमचे हे विज्ञानाचे मास्तर. दिवसभर शाळेत शिकवतात आणि घरी आले की फोनवर जगाला शिकवतात. शाळेच्या पेजवर रोज एक प्रश्न, खाली पर्याय, लोकांनी मत द्यायचं. चित्रं मी काढते, तेव्हा निम्मी मास्तरीण मीही.

परवाचा प्रश्न असा: 'बंद, रिकाम्या खोलीत पंखा तासभर चालू ठेवला, तर खोलीतली हवा काय होईल? गार, आहे तशी, की किंचित गरम?'

जेवता जेवता यांचा घास हातातच राहिला. कोणी काय मत दिलं, ते पेज चालवणाऱ्याला नावानिशी दिसतं. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. 'गार' म्हणणाऱ्यांत मोठ्या बाई होत्या. म्हणजे यांच्या मुख्याध्यापिका.

"अहो, त्या ऑफिस बंद करून जाताना पंखा चालूच ठेवतात ना? आल्यावर गार मिळावं म्हणून?"

"अख्ख्या शाळेला माहीत आहे."

"आणि तुम्ही नेमका हाच प्रश्न घातलात!"

"त्या माझ्या डोक्यातच नव्हत्या गं!"

माझा विश्वास बसला. यांच्या डोक्यात उष्णता सोडून सहसा कोणी नसतंच. पण बाईंचा बसायला हवा ना? मुलं या पेजमुळे अभ्यासाच्या नावाखाली फोन घेऊन बसतात, अशी पालकांची कुरकुर होती, आणि पेज बंद करायचं का हे बाई दुसऱ्याच दिवशी ठरवणार होत्या. पेज म्हणजे यांचा जीव की प्राण.

"काढून टाका तो प्रश्न," मी म्हटलं.

"उत्तरही टाकून झालं."

उत्तर होतं, किंचित गरम. पंखा हवा गार करत नाही, नुसती फिरवतो. आपला घाम सुकतो म्हणून आपल्याला गार वाटतं. माणूसच नसेल तर पंख्याने खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते.

सकाळी बाईंनी यांना बोलावलं. टेबलावर प्रयोगशाळेतला थर्मामीटर होता आणि पंखा बंद.

"मत कोणी दिलं, ते तुम्हाला दिसतं?"

खोटं बोलणं यांना जमत नाही, ही माझी जुनी तक्रार. "दिसतं," म्हणाले.

"मग तसं आधी लिहायचं नाही का?"

"चुकलंच माझं. आजपासून लिहितो."

बाई उठल्या आणि यांना घेऊन थेट मैदानात गेल्या. मुलं रांगेत उभी होती, शिक्षक कडेला.

"पंख्याने रिकामी खोली गार होते, असं कोणाकोणाला वाटत होतं?" बाईंनी विचारलं.

चुकलेला हात वर कोण करणार?

मग बाईंनीच स्वतःचा हात वर केला. मग एक हात, मग चार, मग मैदानभर हातच हात. कडेच्या गणिताच्या सरांचासुद्धा.

"एवढे आहोत आपण," बाई म्हणाल्या. "मास्तर, पेज बंद करून चालणार नाही."