बाराचे चौदा

विक्रीप्रमुख माइकसमोर आले आणि आम्हा डीलर लोकांना "माझ्या कुटुंबीयांनो" म्हणाले. एवढ्या गोड आवाजात कुणी नातं सांगायला लागलं, की मी आधी खिसा चाचपतो. पंपाच्या कंपनीचं हे एप्रिलमधलं वार्षिक संमेलन. पहिल्या रांगेत मी आणि माझे बाबा, ज्यांनी बत्तीस वर्षांपूर्वी आमचं दुकान थाटलं.

"तुमचं मार्जिन बारावरून थेट चौदा टक्के!" साहेब गरजले. टाळ्या पडल्या. मीही बडवल्या, मेंढरासारखा. मग पडद्यावर पुढचं पान आलं. बिलावर मिळणार आठच टक्के. चार टक्के वर्षाचं टार्गेट गाठल्यावर, आणि उरलेले दोन त्याच्याही पुढे गेलात तर. टार्गेट म्हणजे गेल्या वर्षीच्या उचलीवर, कंपनीकडून घेतलेल्या मालावर, वीस टक्के वाढ. लागोपाठ दोन तिमाह्या टार्गेटच्या ऐंशी टक्क्यांखाली राहिलात तर डीलरशिप रद्द. आधी आपल्याच पुढ्यातलं ताट ओढायचं आणि मग त्यातलेच चार घास भरवायचे, याला साहेब "प्रगतीची भागीदारी" म्हणत होते.

गेल्या वर्षी मी कंपनीकडून सहाशे पंप उचलले. विकले साडेचारशे. बाकीचे दीडशे मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत एरिया मॅनेजरनं माझ्या गळ्यात मारले होते. "दादा, एवढा महिना काढून द्या, पुढं मी आहे ना. नाही खपले तर परत घेतो." दर मार्चला कुणीतरी हेच म्हणतो आणि आम्ही अक्कल गहाण टाकून हो म्हणतो. लेखी काही मागायचं नाही, संबंध बिघडतात. आता कंपनीच्या लेखी मी सहाशेचा डीलर. टार्गेट सातशे वीस, आणि गोदामातले दीडशे त्यात धरणार नाहीत. सप्टेंबरपर्यंत दोन्ही तिमाह्या हुकणार, डीलरशिप जाणार; दुकान दिवाळीपर्यंतही तग धरणार नव्हतं.

एरिया मॅनेजर मागच्याच खुर्चीत होता. मी वळून विचारलं, "ते दीडशे परत घेणार होतास ना?"

"दादा, तेव्हा मी तुमच्या एरियात होतो. आता माझी बढती झालीय."

लाजही वाटली नाही त्याला. उलट पेढे द्यायचे राहिले, म्हणून माफी मागितली.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं: सर्वाधिक उचल करणारा डीलर. ठरवलं, आता माइकवर सगळं सांगून टाकायचं. वर गेलो. साहेबांनी हातात ढाल दिली आणि पुढ्यात टार्गेटचं पत्र सरकवलं. फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसलो, कंपनीचे आभार मानले आणि सही केली. साहेबांची किळस येत होतीच, त्यात माझीही भर पडली.

खाली आलो. बाबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांनी ढाल हातात घेऊन तोलली.

"जड आहे," ते म्हणाले. "ठेवणार कुठं? गोदामात तर जागा नाही."