एकाच नंबरची स्थळं

भोकरदनच्या स्टँडसमोर गोपीकिशनचं नेटचं दुकान होतं. कॉम्प्युटर एकच, पण गड्याचा उत्साह दांडगा! गावोगावच्या पोरापोरींची अकाउंटं तो लग्नाच्या साईटवर उघडायचा अन् चालवायचाही स्वतःच. एकाची सरमिसळ दुसऱ्यात नको म्हणून प्रत्येकाला विंडोजमध्ये वेगळा युजर केलेला. तरी एका सकाळी सगळी अकाउंटं धाडकन बंद!

नेमका त्याच दिवशी राजूरचा कडूबा लेकीला, कौसल्येला, घेऊन आला. अंकुशनगरच्या मुलाचा निरोप आलाय, असं ई-मेलवर कळलं होतं. पण तो वाचायचा तर अकाउंट उघडायला हवं.

"शेठ, असं स्थळ पुन्हा यायचं न्हाई. दुसऱ्या नावानं नवीन खातं काढा की!"

"त्यानं घोळ वाढंल, भाऊ. कॉम्प्युटर तोच, नेटची लाईन तीच. नवीन बी बंद पडंल अन् जुनं कायमचं जाईल."

साईटचं म्हणणं साधं होतं: इतक्या अकाउंटांना मोबाईल नंबर एकच, म्हणजे एकच माणूस खोटी स्थळं बनवतोय. अन् तो नंबर गोपीकिशनचा! परक्या पोरांचे फोन घरी नकोत म्हणून आईबापच त्याचा नंबर द्यायला सांगायचे. वेगळे युजर करून त्याला वाटलं होतं, आपण लई हुशार.

मग त्यानं सरळ खरं लिहून कळवलं. दुकान एकच आहे, पण माणसं वेगवेगळी आहेत, आता ज्याचा त्याचा नंबर देतो, खात्री करून घ्या. कौसल्येच्या नावापुढं त्यानं कडूबाचा मोबाईल नंबर टाकला.

दोन दिवसांनी बापलेक दुकानात असताना साईटवाल्या बाईचा फोन आला.

"मी बाप बोलून राह्यलो, मलाच इचारा," कडूबा म्हणाला. बाई ऐकेना. शेवटी फोन लेकीच्या हातात गेला.

नाव, जन्मतारीख झाली. मग बाईनं विचारलं, "हे प्रोफाइल तुमच्या मर्जीनं केलंय का?"

कौसल्या म्हणाली, "लग्न करायचंय. पण त्यात 'नोकरी करायची नाही' असं लिहिलंय, ते माझं म्हणणं न्हाई. माझा नर्सिंगचा कोर्स चालू आहे."

गोपीकिशन ओशाळला. ते कडूबानं सांगितलं होतं अन् त्यानं लिहिलं होतं. पोरीला विचारायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

अकाउंट उघडलं. पासवर्ड आता तिनंच टाकला. निरोप होता, "घरीच राहणारी मुलगी शोधत होतो. तुमची माहिती वाचून समाधान वाटलं."

कडूबाचा चेहरा खुलला. कौसल्येनं कीबोर्ड पुढं ओढून सावकाश टाईप केलं, "माहिती चुकीची होती. मी नोकरी करणार आहे."

"अगं पोरी, स्थळ हातचं जाईल ना!"

"जाऊ द्या, बाबा," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी आलंच न्हवतं."