गट क मधली दुसरी व्यक्ती

गट क रविवारी सकाळी सव्वासातला रद्द झाला. पण तो झालाच नाही असं धरून सुजयने पुढच्या शनिवारीही मेसेज टाकला; तेव्हा आपणही तसंच धरू.

रविवारी पळणाऱ्यांच्या ग्रुपवर आठवड्याचा मेसेज लिहायचं काम त्याच्याकडेच. 'मारुती मंदिर, पहाटे पावणेसहा. जयस्तंभावरून भाट्ये पूल आणि परत, आठ किलोमीटर. गट अ: किलोमीटरला सहा मिनिटं. गट ब: सात. गट क: साडेआठ. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा. चमकणारं जाकीट घाला. एक कान मोकळा ठेवा, मासळीचे टेम्पो हॉर्न एकदाच देतात. एकट्याने पळू नये; गटात दोघं नसतील तर गट वरच्या गटात विलीन. सगळ्यांची हजेरी लागेपर्यंत कुणी घरी जाऊ नये.'

नियम त्याचेच. गट क म्हणजे तो आणि बावन्न वर्षांच्या दमयंतीताई. गुडघ्यामुळे त्याला याहून जोरात जमत नसे. ताई आठही किलोमीटर बोलत. त्याच्या आदल्या रविवारी पुलावर म्हणाल्या, "मेल्या, माझी देवरूखला बदली झालीय. उद्या निघत्ये. इतरांना सांगेन सवडीने."

इतरांना कळायचं कारणच नव्हतं. मागे कुणी नसायचंच. वरच्या गटात गेलो तर पहिल्या वळणालाच आपण एकटे, हे सुजयला पक्कं ठाऊक. त्याने यादीत ताईंचं नाव तसंच ठेवलं आणि 'त्या थेट जयस्तंभाला भेटतील' असं या रविवारी निघताना ठोकून दिलं.

अडुसष्ट मिनिटांनी तो परतला. हजेरी घेणारी शमिका यादी घेऊन उभी.

"ताई कुठायत?"

"मागे आहेत," सुजय म्हणाला. ते खोटं नव्हतं. देवरूख बरंच मागे होतं.

दहा मिनिटं गेली. गट अ मधल्या विनीतचा चेहरा उतरला. "शेवटच्या कुठे दिसल्या? चल, दाखव."

झालं! एकोणीस माणसं सुजयच्या मागून, सुजयच्या वेगाने, जयस्तंभाकडे निघाली. दोघं "ताई, ओ ताई!" करत गटारात डोकावत होते. एकाने त्याला पाणी दिलं, कुणी गुडघ्याचं विचारलं. एवढी माणसं त्याच्या सोबतीने कधीच पळाली नव्हती. खरं सांगावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा त्याने पुढचा खांब येऊ दिला.

जयस्तंभाला विनीतला फोन आठवला. स्पीकरवर ताई म्हणाल्या, "मी देवरूखात, पोहे परत्ये. का रे? सुजय बरा हाय ना?"

कुणी ओरडलं नाही. शमिकाने यादीतल्या गट क वर रेघ मारली आणि सगळे आपापल्या वेगाने परत गेले. सुजय चालत आला. मारुती मंदिराला कुणीच नव्हतं. त्याचीही हजेरी लागलेली होती.

शनिवारी त्याने मेसेज टाकला. मार्ग तोच, नियम तेच. खाली एवढंच जादा: 'गट क मध्ये सध्या एक व्यक्ती कार्यरत आहे. तरी संबंधित खात्याने श्रीमती दमयंती यांची बदली दर रविवारी पहाटे पावणेसहा ते सात या वेळेपुरती रद्द करावी, ही नम्र विनंती.'